आवाज जुळतो, पण माणूस ओळखू येत नाही. मिमिक्रीवाल्यांनो, कुठे अडतंय?

महालचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत कोजागिरीला दरवर्षी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असतो. या वर्षी ठरलं की निवेदन अमीन सयानींच्या ढंगात करायचं, त्यांच्या रेडिओवरच्या गीतमालेसारखं खालच्या नंबरापासून वर चढत जायचं. निवेदन माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मिमिक्री करायचो.

मी मनापासून तयारी केली. यूट्यूबवरच्या जुन्या क्लिपा ऐकल्या. आवाजाची पट्टी दाखवणारं एक ॲप फोनवर घेतलं आणि त्यांची पट्टी आणि माझी पट्टी एकाच रेषेवर आणली. शब्द स्वच्छ, बोलणं संथ. माझ्या कानाला तर हुबेहूब वाटून राहिलं होतं.

रिहर्सलला समोर बसलेल्या काकू म्हणतात, "छान बोलतोस रे, रेडिओवर होता का तू?" सयानींचं नाव कोणाच्याच तोंडी नाही! मग आमच्या ग्रुपमधला एक जण उठला. त्याचा आवाज बारीक, सयानींच्या जवळपासही नाही. तो "बहनोंऽऽ और भाऽइयों" म्हणाला आणि अख्खं टेबल हसत टाळ्या वाजवायला लागलं. ॲपवर त्याची रेषा पाहिली तर ती कुठल्या कुठे.

माझी रेषा जुळते तरी ओळख पटत नाही, त्याची जुळत नाही तरी पटते. असं काहून?

टिपेचा_राजा

सोपं आहे भाऊ. आवाज अजून खाली घ्या. सयानी काय, बच्चन काय, सगळा खेळ खर्जाचा. पोटातून आवाज काढला की निम्मं काम झालं. तुमच्या मित्राला लोक हसले असतील, ओळखलं म्हणून टाळ्या वाजवल्या असं कशावरून?

सक्करदऱ्याची_मावशी

माझ्या घरची गंमत सांगते. माझ्या मुलाचा आवाज फोनवर थेट ह्यांच्यासारखा येतो. नणंद फोन करते आणि दहा मिनिटं त्याच्याशी "दादा, दादा" करत घरातलं सगळं सांगून मोकळी होते, मग तो म्हणतो, "आत्या, मी आहे." त्याला कोणी शिकवलं नाही. म्हणजे त्याला मिमिक्री उपजतच येते का? असेल तर त्याला कुठे पाठवावं?

रेकॉर्डिस्टकाका

पोट्टेहो, मी बरीच वर्षं रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेच्या अलीकडे बसून लोकांचे आवाज ऐकले आहेत, म्हणून दोन शब्द.

महालच्या भाऊंना रिहर्सलमध्ये जे उत्तर मिळालं तेच फार मोलाचं आहे. काकू म्हणाल्या, "रेडिओवर होता का?" म्हणजे त्यांनी तुम्हाला ओळखलं, पण अमुक एक माणूस म्हणून नाही, निवेदकाचा एक प्रकार म्हणून ओळखलं. संथ, स्वच्छ, भारदस्त आवाज हा त्या काळच्या कोणत्याही निवेदकाचा आवाज. तुम्ही सयानींमधल्या नेमक्या त्याच गोष्टी घेतल्या, ज्या त्यांच्यात आणि इतर निवेदकांत सारख्या होत्या. त्या कितीही हुबेहूब केल्या तरी ऐकणारा "निवेदक" या फाटकापर्यंतच येणार, आत येणार नाही.

तुमच्या मित्राने काय केलं? सयानी इतरांपेक्षा जिथे वेगळे होते, ती एक जागा पकडली आणि तीच ताणली. बाकी सगळं चुकीचं असलं तरी कान त्या एका खुणेवरून घरापर्यंत पोचतो.

आता हे वेगळेपण कुठून आलं तेही पाहा. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद पडली. (मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त, पण या निर्णयासाठी लोकांनी त्यांना कधी माफ केलं नाही.) त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. इकडे जपून, एका सुरात बोलणारे निवेदक, आणि तिकडे हा माणूस श्रोत्यांशी गप्पा मारतोय, वाक्य गाण्यासारखं वरखाली नेतोय, गाण्याच्या नंबराला "पायदान" म्हणतोय. त्यांची ओळख खर्जात नव्हतीच, ती चढउतारात होती.

मावशी, तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळं आहे. बापलेकांच्या घशाची, तोंडाची ठेवण सारखी आणि बोलण्याची सवय एकाच घरातली. तो नक्कल करत नाही, त्याचा आवाजच तसा आहे. त्याला कुठे पाठवू नका, नणंदेला व्हिडिओ कॉल करायला सांगा.

टिपेचा_राजा

काका, आदर आहे, पण पट्टी महत्त्वाची नाही हे पटत नाही. बच्चनची नक्कल बारीक आवाजात करून दाखवा बरं.

अनघा_वाचाउपचार

मी इथे धरमपेठेत वाचाउपचार करते. लहान मुलं, स्ट्रोक झालेले पेशंट, आणि आवाज बसलेले शिक्षक. टिपेच्या राजांसाठी एक गोष्ट.

जुना लँडलाइन फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पलीकडे नेतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १२०च्या आसपास असतो. म्हणजे ज्याला आपण खर्ज म्हणतो तो मूळ सूर तारेतून जातच नाही. वरच्या पटींवरून कान तो सूर मनातल्या मनात भरून काढतो, म्हणून पट्टी कळते, पण छातीतला घुमारा मात्र गळून पडतो. तरी मावशींच्या नणंदेला "दादा" ऐकू आलाच ना? घुमाऱ्याशिवायही माणूस ओळखता येतो.

आणि मूळ प्रश्नाला थेट लागू पडणारा एक अभ्यास आहे. २०१३ साली अर्जेंटिनातल्या संशोधकांनी व्यावसायिक नकलाकारांकडून प्रसिद्ध लोकांच्या दोन-दोन नकला करून घेतल्या. एक निव्वळ आठवणीतून. दुसरी त्या माणसाचं रेकॉर्डिंग ऐकून लगेच. मग या भानगडीशी संबंध नसलेल्या लोकांना त्या ऐकवल्या. ऐकून केलेली नकल मूळ आवाजाच्या जास्त जवळची वाटली. पण "हा कोण?" याचं उत्तर आठवणीतून केलेल्या नकलेने जास्त चांगलं मिळालं. साम्य आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

भाऊ, तुम्ही ॲप समोर ठेवून केलं ती दुसऱ्या प्रकारची नकल. तुमचा मित्र आठवणीतून बोलला.

महालचा_पोट्टा

अनघाताई, हे वाचून डोकं गरगरलं. म्हणजे मी जेवढं ऐकलं तेवढं वाईट?

अनघा_वाचाउपचार

वाईट नाही. ऐका, पण स्टेजवर जायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. आठवण आपलं आपणच चाळण लावते. जे खास आहे ते चाळणीवर राहतं, बाकीचं खाली पडतं. क्लिप कानात ताजी असली की ती चाळण लागत नाही, तुम्ही सगळंच उचलता.

वडसावाला

मी झाडीपट्टीत नाटकं करतो. आमच्याकडे मंडपात मागच्या रांगेतला माणूस इतका दूर बसतो की त्याले तुमचा चेहरा दिसत नाही, आवाजाचे बारकावे ऐकू येत नाहीत. त्याच्यापर्यंत एकच गोष्ट पोचते, म्हणून आम्ही एकच गोष्ट नेतो. एका प्रयोगात मले गावच्या सावकाराची भूमिका होती. तालमीत मी त्याच्यात पाच खुबी घातल्या होत्या: खोकला, तोतरेपणा, नाकातला आवाज, हळू चाल, हसणं. आमचे डायरेक्टर म्हणाले, "पब्लिक पाच पात्रं पाहून राहिलं." त्यांनी फक्त वाक्याच्या शेवटचा शब्द गिळायचा ठेवला. "पैसे परत केव्हा दे…" असं. तिसऱ्या प्रवेशापर्यंत पब्लिक तो शब्द स्वतः पुरा करायला लागलं.

भाऊ, तुमचा मित्रही एकच गोष्ट घेऊन उभा राहिला. तुम्ही गाठोडं घेऊन गेले.

रेकॉर्डिस्टकाका

वडसावाल्यांचं शंभर टक्के. फक्त एक खोट दाखवतो. महालच्या भाऊंच्या मित्राचं यश खरं किती आणि उसनं किती, हे अजून कळलेलं नाही. "बहनों और भाइयों" हे शब्दच इतके प्रसिद्ध आहेत की एखाद्याने कागदावर लिहून दाखवले तरी लोक सयानी म्हणतील. निळूभाऊंची नक्कल करणारा प्रत्येक जण "बाई, वाड्यावर या" म्हणतो. तिथेही ओळख वाक्याने पटते, आवाज मागून चालत येतो.

म्हणून माझी परीक्षा अशी. प्रसिद्ध वाक्य बंद. नाव बंद. गाणी, सिनेमे, नट-नट्या यांचा उल्लेख बंद. कॉलनीच्या ग्रुपवर येते तशी एखादी रुक्ष सूचना घ्या आणि ती त्या ढंगात बोला. समोर असा माणूस हवा ज्याला तुम्ही काय करताय हे माहीत नाही. आणि "हे सयानींसारखं वाटतं का?" असं कधीही विचारू नका. तसं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि हो म्हटल्यावर त्याला खरंच तसं ऐकू यायला लागतं. एवढंच विचारा, "कोण?"

महालचा_पोट्टा

काका, करून पाहिलं. वाक्य घेतलं: "कल सुबह पानी का टैंकर साढ़े छह बजे आएगा, अपनी बाल्टियाँ तैयार रखिए." घरी बाबांना दुसऱ्या खोलीतून ऐकवलं. बाबा म्हणाले, "रेल्वे स्टेशन."

आता नेमकं काय वाढवू ते सांगा. आणि किती?

रेकॉर्डिस्टकाका

हसलो बुवा. पण उत्तर बरोबर आलं तुमच्या बाबांचं. स्टेशनवरच्या सूचनेत प्रत्येक शब्दाला सारखं वजन असतं, तुम्हीही तेच दिलंत.

तेच वाक्य घेऊ. आधी तुलना कोणाशी करायची ते ठरवा. तुमच्या आवाजाशी नाही, साध्या निवेदकाशी. साधा निवेदक हे वाक्य जिथे सुरू करतो तिथून फार तर ग-मपर्यंत वर जातो आणि "आएगा"वर शांतपणे 'सा'वर येऊन बसतो. सयानींच्या ढंगात वाक्य एका दमात सरळ जात नाही, ते पायऱ्या चढतं. "कल सुऽबह" वर सूर उचलायचा आणि तिथेच टांगता ठेवायचा, जणू सुबह ही मोठी बातमी आहे. "पानी का टैंकर" थोडं खाली येऊन, लगबगीने, कारण ते फक्त पुढच्या शब्दाकडे नेणारं आहे. मग "साढ़ेऽऽ" हे सगळ्यात वर, पपर्यंत. तिथे थांबा. खरंच थांबा, ऐकणाऱ्याने मान वर करावी इतकं. आणि मग "छह बजे" हसत, खाली, हातात पेढा ठेवल्यासारखं. जिथे आकडा येतो तिथे त्यांच्या मनात पायदान असतं असं समजा.

किती वाढवायचं याचं मोजमाप कानानेच घ्यावं लागतं. मूळ माणूस साध्या निवेदकापेक्षा जेवढा दूर आहे, त्याच्या दीडपट दूर जा. माझा अनुभव असा की तेवढ्यात ओळख सगळ्यात झटकन पटते. दुप्पट केलं की लोक हसतात पण नाव सांगायला वेळ घेतात. त्याच्याही पुढे गेलात, "साढ़े" वरच्या 'सा'पर्यंत नेलंत, की तो सयानी राहत नाही. तो लहान मुलांना गोष्ट सांगणारा कोणीही होतो. ओळख सुटली हे कसं कळतं? उत्तरात माणसाचं नाव येणं बंद होतं आणि पुन्हा धंद्याचं नाव यायला लागतं. "जादूगार आहे का?", "सेल लागलाय का?" असं आलं की एक पायरी खाली उतरा.

चित्रांच्या बाबतीत हे फार आधी तपासलं गेलंय. १९८७ साली ओळखीच्या चेहऱ्यांची कॉम्प्युटरने काढलेली रेखाचित्रं लोकांना दाखवली. काही अचूक, काही व्यंगचित्रासारखी फुगवलेली, काही उलट सपाट केलेली. फुगवलेली अचूकपेक्षा लवकर ओळखली गेली, सपाट केलेली सगळ्यात उशिरा. आणि फुगवलं काय होतं? मोठं नाक नव्हे, तर सरासरी चेहऱ्यापासूनचं अंतर. नाक सरासरीपेक्षा लहान असेल तर ते आणखी लहान केलं होतं. आवाजातही तसंच. सगळं मोठं करायचं नसतं. जो माणूस इतरांपेक्षा सपाट बोलतो त्याला आणखी सपाट करावं लागतं. ती नक्कल सगळ्यात अवघड, कारण स्टेजवर गप्प राहायला धीर लागतो.

कोथरूडकर_मूळचा_अमरावतीचा

माफ करा, पण हा सगळा धागा वाचून राग येतो. नक्कल म्हणजे दुसऱ्याची टिंगल. इकडे पुण्यात ऑफिसच्या कार्यक्रमात आमच्या विदर्भातल्या एका आमदाराची मिमिक्री झाली. "काय करून राहिला बे", "मले", "तुले" यापलीकडे काही नव्हतं. सगळे लोटपोट. तो आमदार असं बोलतच नाही! आमच्या बोलीची चेष्टा करायला त्याचं नाव वापरलं, एवढंच.

वडसावाला

दादा, राग बरोबर आहे. पण तुमची गोष्ट इथल्या प्रश्नाशीच येऊन मिळते. पुण्यातल्या पब्लिकसाठी "करून राहिला" ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून त्यांना नक्कल झाली असं वाटलं. तोच माणूस तीच नक्कल डिसेंबरात अधिवेशनाच्या वेळी नागपुरात करू दे. सीताबर्डीतल्या पानठेल्यावर उभे असलेले सगळे "करून राहिले"च बोलतात. कोण ओळखणार? लोक म्हणतील, हा तर आमच्यासारखा बोलून राहिला, मिमिक्री कधी सुरू करणार?

रेकॉर्डिस्टकाका

मी लिहिणार होतो ते वडसावाल्यांनी लिहिलं. सरासरी हवेत नसते, ऐकणाऱ्याच्या कानात असते. पुण्याच्या कानाला जे वेगळं, ते नागपूरच्या कानाला साधं. त्या नकलाकाराने प्रदेश ताणला, माणूस ताणला नाही. त्यामुळे उत्तर "विदर्भ" आलं. अमुक आमदार हे नाव सूत्रसंचालकाने आधीच सांगितलं असणार, पैज लावतो.

कोथरूडकरांच्या आमदाराची नक्कल नागपुरात करायची असेल तर बोली बाजूला ठेवून पाहावं लागेल, की वैदर्भी माणसांमध्ये तो कुठे वेगळा आहे. प्रश्नाचं उत्तर देण्याआधी खाकरतो का, वाक्य "म्हणजे"वर सोडतो का, कोणाचं नाव घेताना आवाज उतरवतो का. हे फक्त त्याला बरंच ऐकलेल्या माणसालाच करता येतं. म्हणून वाईट नकलाकार बोलीवर जातो. ती स्वस्त मिळते.

कोथरूडकर_मूळचा_अमरावतीचा

हो, नाव आधी सांगितलं होतं. तरीही टिंगल ती टिंगलच, पण मुद्दा कळला.

टिपेचा_राजा

सगळे माझ्या खर्जावर तुटून पडले, पण अनघाताईंनीच सांगितलेल्या अभ्यासाबद्दल विचारतो. मी तो शोधून त्याचा सारांश वाचला. त्यात म्हटलंय की ओळख पटते ती घसा-तोंडाच्या पोकळीच्या ठेवणीमुळे, आणि स्वरतंतूंच्या गोष्टींनी नुसतं साम्य वाटतं. चढउतार तर स्वरतंतूंचंच काम. मग काका चढउतार वाढवायला का सांगताहेत? हा अभ्यास काकांच्या विरुद्ध जातो.

अनघा_वाचाउपचार

बरोबर पकडलंत. मी ते मुद्दाम गाळलं नव्हतं, पण लिहायला हवं होतं. हो, त्या अभ्यासात ओळखीचा जोर पोकळीच्या बाजूला आहे. म्हणून मी काकांच्या सल्ल्यात एक भर घालीन: ओठ. सयानींच्या आवाजात हसू ऐकू येतं. हसताना ओठ फाकतात, स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी थोडी आखूड होते आणि आवाज उजळतो. हसू दिसलं नाही तरी कानाला कळतं, हेही तपासलेलं आहे. पुरुषाची ही नळी साधारण १७ सेंटिमीटर. ती मनाला येईल तशी बदलता येत नाही, पण ओठ, जबडा, जीभ यांनी पुष्कळ हलवता येते.

भाऊ, तुम्ही भारदस्त व्हायच्या नादात तोंड गोल करून बोलता का? करत असाल तर नळी उलट लांब होते आणि तुम्ही सयानींपासून दूर जाता, पट्टी कितीही जुळली तरी.

रेकॉर्डिस्टकाका

अनघाताईंशी अर्धा सहमत. तो अभ्यास ठरावीक लोकांच्या आवाजांवर झाला. ज्याची ओळखच चालीत आहे, त्याच्या बाबतीत चालच आधी येणार असं माझा कान सांगतो. आम्ही खोलीत एक खेळ करायचो. बंद दाराबाहेर उभं राहून आतल्याचं बोलणं ऐकायचं, शब्द कळत नाहीत, भिंतीतून फक्त सुराची हालचाल येते. तरी आत कोण बोलतंय ते सांगता यायचं. पोकळीची ठेवण भिंतीतून कितीशी येणार?

अनघा_वाचाउपचार

काका, त्या खोलीत कोण कोण असू शकतं हे तुम्हाला माहीत होतं! तीन-चार ओळखीच्या माणसांतून एक निवडणं सोपं. सगळ्या जगातून एक नाव काढणं वेगळं.

रेकॉर्डिस्टकाका

हा बाण बरोबर बसला. तरी मी चालीवरच राहीन.

महालचा_पोट्टा

दोघांचं भांडण मी घरी करून पाहिलं. तेच टँकरचं वाक्य. एकदा चाल वाढवून, पण तोंड गोल ठेवून. एकदा चाल साधी, पण ओठ फाकवून, हसत. एकदा दोन्ही. रेकॉर्ड केलं आणि अशा लोकांना पाठवलं ज्यांना काही माहीत नाही. फक्त "कोण?" विचारलं.

नुसत्या हसण्याला कोणीच नाव दिलं नाही. एक जण म्हणाला, "इन्शुरन्स विकणारा." नुसत्या चालीला एका काकांनी सयानी म्हटलं, बाकीचे म्हणाले "जुना रेडिओ". म्हणजे स्टेशनवरून रेडिओपर्यंत तरी आलो! दोन्ही एकत्र केलं तेव्हा पन्नाशीच्या वरच्या बहुतेकांनी नाव घेतलं, आणि आमच्या बाबांनी तर पुढे "बहनों और भाइयों" स्वतःच जोडलं. टँकरच्या सूचनेला!

पण माझ्या चुलत भावाची पोट्टी, आठवीतली, हिला तिन्ही सारखेच. "रील्समधला कोणी आहे का काका?" सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा आम्ही घरात गीतमाला लावली होती, ती तिथेच बसली होती, तरी तिच्या कानात काही नाही.

वडसावाला

तिच्या कानात मूळच नाही तर ताणणार काय? आमच्याकडे जुन्या नटांच्या नकला करणारे आता आधी मूळ नटाची दोन मिनिटं साध्या आवाजात करतात, मग फुगवतात. पब्लिकले आधी माणूस द्यायचा, मग त्याची नक्कल.

सक्करदऱ्याची_मावशी

मी मुलाला टँकरचं वाक्य ह्यांच्या ढंगात बोलायला लावलं. नणंदेला व्हिडिओ कॉल लावून, कॅमेरा छताकडे करून. ती म्हणाली, "दादा, आवाज का असा काढतोस, बरं नाही का?" म्हणजे मुद्दाम केलं तर ओळखता येतं पण आजारी वाटतं! हा कोणता प्रकार?

अनघा_वाचाउपचार

मावशी, त्याचा नेहमीचा आवाजच बाबांसारखा आहे. त्यात आणखी ताणलं की ते बाबांपलीकडे गेलं. त्याने काही न करणं हीच त्याची उत्तम नक्कल.

आणि सगळ्यांना एक सूचना. टिपेच्या राजांसारखा खर्ज काढायला घसा आवळून, घरघर आणून बोलू नका. खोटा घोगरा आवाज काढताना स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही आवळल्या जातात. तासभर रिहर्सल केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज फाटका लागला, किंवा वरचा सा लागत नसेल, तर तो ढंग बंद. पाणी प्या, पण पाण्याने दुरुस्ती होत नाही, गप्प बसण्याने होते. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने बघून घ्या.

टिपेचा_राजा

ताई, मी गेली कित्येक वर्षं बच्चन करतोय, काही झालं नाही. बारीक आवाजात करायला सांगितलं होतं ते मात्र मीच करून पाहिलं. बायकोला फोनवर. तिने ओळखलं. पण मी "हँय" म्हटलं होतं, त्यामुळे काकांच्या नियमाने बाद.

रेकॉर्डिस्टकाका

बाद. टँकरचं वाक्य घ्या आणि परत लावा फोन.